बाटलीवरचे हजार आणि रक्तातले हजार

माशाच्या तेलाच्या बाटलीवर समोर ठळक अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' असं छापलेलं असतं. आकडा खोटा नसतो. कॅप्सूल फोडून तेल काट्यावर ठेवलं तर ते हजार मिलिग्रॅमच भरेल. माझं भांडण आहे ते याच खऱ्या आकड्याशी. कारण घेणाऱ्याला वाटतं की हजाराचं औषध घेतलं, आणि विकणाऱ्याला ठाऊक असतं की त्याने हजाराचं तेल विकलं. या दोन वाक्यांतल्या फरकावर एक मोठा धंदा उभा आहे. त्याची किंमत मोजणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातली, आपल्या नात्यातली माणसं आहेत.

बाटली उलटी करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ईपीए आणि डीएचए ही दोन नावं असतात. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी उतरवण्याचं काम माशाच्या तेलातले हे दोन घटक करतात. बाजारातल्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असतं. बेरीज ३००. उरलेले ७०० मिलिग्रॅम म्हणजे माशाची इतर चरबी. ती पोटात जाते, पण या कामाला येत नाही. आणखी एक ओळ शोधा. आपल्याकडच्या कायद्याने अशा पूरक आहाराच्या बाटलीवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं लिहावं लागतं. म्हणजे बाटली स्वतःच सांगते की मी औषध नाही. आपण वाचत नाही.

आता ज्या चरबीसाठी ही बाटली घेतली जाते तिचे आकडे पाहू. उपाशीपोटी रक्त दिलं असेल तर ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. १५० ते १९९ म्हणजे काठावर, २०० ते ४९९ म्हणजे जास्त आणि ५०० किंवा त्याच्या वर गेलं की 'अति जास्त'. ही शेवटची रेघ कोणाच्या लहरीने ओढलेली नाही. तिच्या खाली मुख्य काळजी हृदयाची असते आणि ती वर्षांच्या हिशेबात चालते. तिच्या वर स्वादुपिंडाची काळजी सुरू होते, आणि हजाराच्या पुढे ती फार वाढते. स्वादुपिंडाला सूज आली की माणूस एका रात्रीत अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो, आणि काही जण परत येत नाहीत. तेव्हा ट्रायग्लिसराइड २२० असलेल्या शिक्षकाचा प्रश्न आणि १२०० असलेल्या दुकानदाराचा प्रश्न हे एकाच दुखण्याचे लहानमोठे प्रकार समजू नका. आपल्याकडे मात्र दोघांना एकच सल्ला मिळतो: "अहो, फिश ऑइल सुरू करा."

हा सल्ला हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासलं आणि त्यात ट्रायग्लिसराइड कमी आढळलं. ती माणसं सील, व्हेल आणि मासे यांवर जगत होती. तिथून ओमेगा-३ ची गोष्ट सुरू झाली. पण सील आणि व्हेल खाऊन जगणाऱ्यांचं रक्त पाहून दिवसाला एक पिवळी गोळी गिळायची, हा प्रवास विज्ञानाने केला नाही, जाहिरातीने केला.

विज्ञानाने काय केलं? त्याने मात्रा शोधली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ साली जुने अभ्यास एकत्र पाहून जे म्हटलं ते थोडक्यात असं: डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं शुद्ध केलेलं ओमेगा-३ दिवसाला ४ ग्रॅम दिलं, तर २०० ते ४९९ मधल्या माणसाचं ट्रायग्लिसराइड साधारण २० ते ३० टक्के उतरतं आणि ५०० च्या वरच्या माणसाचं ३० टक्के किंवा जास्त. या ४ ग्रॅममध्ये ईपीए आणि डीएचए मिळून ३ ग्रॅमच्या वर असतं. अमेरिकेत २००४ साली मंजूर झालेल्या अशा पहिल्या औषधाच्या एका कॅप्सूलमध्ये ईपीए ४६५ आणि डीएचए ३७५, म्हणजे एकूण ८४० मिलिग्रॅम. चार कॅप्सूल मिळून ३३६०. दुसऱ्या प्रकारात फक्त ईपीए असतं. त्याच्या एक-एक ग्रॅमच्या दोन कॅप्सूल सकाळी जेवणाबरोबर आणि दोन रात्री.

आता भागाकार करा. ३३६० ला ३०० ने भागलं की ११ येतात आणि थोडं उरतं. चार औषधी कॅप्सूलमध्ये जे मिळतं ते मिळवायला बाजारातल्या साध्या कॅप्सूल दिवसाला अकरा लागतील. साठ कॅप्सूलची बाटली सहाव्या दिवशी आटोपते. आणि लोक घेतात एक, फार तर दोन. म्हणजे लागणाऱ्या मात्रेचा अकरावा किंवा साडेपाचावा हिस्सा. ताप उतरवणारी गोळी अकरा तुकडे करून त्यातला एक दिला, तर कोणी त्याला इलाज म्हणेल का? इथे म्हणतात, कारण ताप लगेच कळतो आणि ट्रायग्लिसराइड कळत नाही.

कॉड लिव्हर ऑइलच्या छोट्या सोनेरी गोळ्यांचा हिशेब याहून वाईट आहे. आमच्या पिढीला त्या लहानपणी मिळाल्या, म्हणून त्यांच्याविषयी एक माया आहे. त्या माशाच्या यकृताच्या तेलाच्या असतात, त्यांत जीवनसत्त्व 'अ' भरपूर असतं. त्या मुठीने खाऊन ओमेगा-३ ची मात्रा गाठायला गेलात, तर आधी जीवनसत्त्व 'अ'चा अतिरेक होईल आणि यकृतालाच त्रास होईल. जवसाच्या चटणीबद्दलही विचारणा येते. चटणी जरूर खा. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं आहे आणि शरीर त्यातलं फार थोडंच ईपीए-डीएचएमध्ये बदलतं. ट्रायग्लिसराइडसाठी तिच्यावर विसंबू नका.

इथवर कोकणातले माझे वाचक खुशीत असतील. "आम्ही तर ताजी मासळी खातो, आम्हाला कॅप्सूल कशाला?" हा अभिमान मला ठाऊक आहे, आणि अर्धा खराही आहे. बांगडा आणि तारली हे आपल्या किनाऱ्यावरचे खरे तेलकट मासे. तारलीला आपल्या घरांत गरिबाची मासळी म्हणून नाक मुरडतात. दावतीत सुरमई आणि पापलेट मांडले जातात. पण ओमेगा-३ च्या हिशेबात तारली पापलेटाला मागे टाकते. बोंबील चवीला कितीही प्रिय असला, तरी त्यात पाणीच जास्त. तेलाचा हा अंश हंगामाप्रमाणेही बदलतो: मासा पुष्ट असताना जास्त, अंडी घालून झाल्यावर कमी. म्हणून ठाम आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. हिशेबापुरतं तारलीच्या जातीच्या माशाच्या १०० ग्रॅम मांसात एक ग्रॅमच्या आसपास ईपीए-डीएचए धरावं.

तर मग औषधाची मात्रा माशातून गाठायची असेल तर? ३.३६ ग्रॅमसाठी रोज साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मांस. डोकं, काटे, पोटातलं सगळं काढल्यावर माशाचं निम्म्याच्या आसपासच ताटात येतं, म्हणजे बाजारात सहाशे-सातशे ग्रॅम तारली तोलून घ्यायची. रोज, एकट्या माणसासाठी. जून आणि जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हाही. सुक्या बांगड्यावर भागवू म्हणाल, तर त्यातलं मीठ रक्तदाबाच्या माणसाला परवडणार नाही.

पण ही गैरसोय मुख्य अडचण नाही. मुख्य अडचण दुसरीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर असेल तेव्हा पहिला इलाज असतो ताटातलं सगळंच तेल-तूप अगदी कमी करणं. दिवसाच्या एकूण उष्मांकातले फक्त १० ते १५ टक्के चरबीतून यावेत, असं सांगतात. अठराशे उष्मांक खाणाऱ्यासाठी ते होतात २० ते ३० ग्रॅम. फोडणीचं तेल, दुधातली साय, नारळ, मासा, मटण सगळं धरून एवढंच. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साडेचार-पाच ग्रॅम. तर आता साडेतीनशे ग्रॅम तारली ताटात घ्या. शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम चरबी धरली, तरी ३५ ग्रॅम झाले. दिवसाची मर्यादा नुसत्या माशाने ओलांडली, आणि अजून ना फोडणी पडली, ना नारळाचं वाटण. बाजारातल्या अकरा कॅप्सूल घेतल्या तर ११ ग्रॅम तेल, म्हणजे मर्यादेचा एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त भाग. औषधी कॅप्सूल चारच, म्हणून चरबीही चारच ग्रॅम. शुद्ध केलेल्या औषधाची गरज इथे कळते. ते अधिक 'पॉवरफुल' आहे ही जाहिरातीची भाषा झाली. खरी गोष्ट अशी की त्यात फालतू चरबी नाही.

पथ्य एवढं कडक का, हे समजायला दाभोळ-धोपावेची फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. एका फेरीत ठराविकच गाड्या मावतात. रक्तातली चरबी उतरवून घेणारं एक द्रव्य शरीरात असतं, त्याची कुवत त्या बोटीसारखी मर्यादित. धक्क्यावर दोन रस्त्यांनी गाड्या येतात. एक रस्ता यकृताकडून: साखर, मैदा, दारू, बिघडलेला मधुमेह यांतून यकृत चरबी बनवून रक्तात पाठवतं. दुसरा रस्ता जेवणातून: खाल्लेलं तेल-तूप आतड्यातून थेट येतं. रांग लहान असते तोवर दोन्हीकडच्या गाड्या सुटतात. पाचशेच्या पुढे बोट सतत भरलेली असते. तिथे जेवणातून आलेली प्रत्येक गाडी धक्क्यावरच अडकते. ओमेगा-३ मुख्यतः यकृताकडच्या गाड्या कमी करतं आणि बोटीलाही थोडा हात देतं. पण जेवणाचा रस्ता तुम्ही उघडाच ठेवला, तर ते काय करणार?

काही घराण्यांत ही बोट जन्मापासूनच जवळजवळ बंद असते. ते दुर्मीळ आहे. अशा माणसांना ओमेगा-३ फारसं लागू पडत नाही. त्यांना चरबीचं पथ्य हाच मुख्य आधार. लहान वयात हजारावर आकडे, घरात कोणाला वारंवार पोटाचं दुखणं, असं असेल तर हे डॉक्टरच्या कानावर घालायला हवं.

माझ्या नात्यातल्या एका चाचांचा हिशेब इथे पूर्ण मांडतो. नाव देत नाही. वय एकावन्न, आखातात वीस वर्षं काढून परत आलेले, मधुमेह जुना, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड ११८०. एलडीएलच्या रकान्यात आकडाच नव्हता. त्यांना वाटलं, लॅबवाल्याने चालढकल केली. तसं नसतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की नेहमीच्या सूत्राने एलडीएल काढता येत नाही. तो मोकळा रकाना हीच खूण होती. लॅबमधल्या मुलाने असंही सांगितलं होतं की नळीतलं रक्त थोडा वेळ ठेवल्यावर वरचा भाग दुधासारखा पांढरा दिसत होता. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीए१सी, १०.४ होता.

मुलाने परदेशातून माशाच्या तेलाची मोठी बाटली पाठवली. इंपोर्टेड माल, म्हणून शंका कोणाला येणार? दिवसाला दोन कॅप्सूल, म्हणजे ६०० मिलिग्रॅम. "औषध सुरू आहे" या समाधानात खाणंपिणं तसंच चालू राहिलं, आणि साखरेकडे आणखीच दुर्लक्ष झालं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर १२१०. यावर घरात निघालेला निष्कर्ष असा की कॅप्सूल अजून 'लागू पडायच्या' आहेत. मग ईद आली. शीरखुर्मा, बिर्याणी, तळलेले बांगडे. तिसऱ्या दिवशी रात्री पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं, ते पाठीत गेलं, उलट्या थांबेनात. घरच्यांना ॲसिडिटी वाटली. सकाळी शहरातल्या रुग्णालयात नेलं तेव्हा ट्रायग्लिसराइड २३०० च्या वर होतं आणि स्वादुपिंडाला सूज होती.

तिथे जे केलं ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्यात माशाचं तेल कुठेच नव्हतं. तोंडाने काही नाही, सलाइन आणि इन्सुलिन. जेवणाचा रस्ता बंद झाला, इन्सुलिनने बोटीला वेग दिला. चौथ्या दिवशी आकडा पाचशेच्या खाली. घरी पाठवताना इन्सुलिन चालू, फेनोफायब्रेटची गोळी, गोड आणि मैदा बंद, दिवसाला दोन चमचे तेल. सहा आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड ६२०. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं ओमेगा-३ दिवसाला ४ ग्रॅम जोडलं, आणि आणखी दोन महिन्यांनी आकडा ३९० वर आला.

या क्रमाकडे बघा. औषध शेवटी आलं, आणि तेव्हा ते उपयोगी पडलं. टक्केवारीचं गणित साधं आहे. ६२० चे ३५-४० टक्के उतरले की माणूस धोक्याच्या रेघेखाली येतो. तेच औषध, तीच पूर्ण मात्रा, ११८० वर एकट्याने दिली असती तर ३० टक्के उतरूनही ८२६ उरले असते. म्हणजे हजारांच्या घरात पूर्ण ४ ग्रॅमही एकटे पुरेसे नाहीत. आधी साखर आवरणं, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासणं, दारू असेल तर पूर्ण बंद करणं, चालू औषधांत स्टेरॉइड किंवा इस्ट्रोजेन आहे का ते पाहणं, आणि पथ्य. उर्दूत इलाज आणि परहेज हे शब्द जोडीने येतात. आपण परहेज गाळलं आणि इलाजाच्या जागी बाटली ठेवली.

चार ग्रॅम म्हणजे निरुपद्रवी खाऊ नव्हे, हेही कॅप्सूलवाल्यांकडून ऐकायला मिळत नाही. या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं प्रमाण थोडं वाढतं. २०१८ च्या रिड्यूस-इट या मोठ्या चाचणीत त्यासाठी रुग्णालयात दाखल झालेले औषधाच्या गटात ३.१ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगायलाच हवं. अति जास्त ट्रायग्लिसराइड असलेल्यांमध्ये ईपीए-डीएचएच्या मिश्र औषधाने एलडीएल बरंच वाढू शकतं, म्हणून ते पुन्हा तपासावं लागतं. फक्त ईपीएच्या औषधात हा त्रास तसा दिसत नाही. हे औषध उपाशीपोटी घेतलं तर नीट शोषलंही जात नाही, दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबरच घ्यायचं. रमजानमध्ये चारही कॅप्सूल सहेरीच्या चहाबरोबर उरकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. म्हणून स्वतःच्या मनाने अकरा-बारा कॅप्सूल गिळून मात्रा पूर्ण करणं हा उपाय नाही. वरचा भागाकार तुम्हाला बाटली ओळखता यावी म्हणून केला, गिळण्यासाठी नव्हे.

कॅप्सूलचं कवच हा आपल्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न. मऊ कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते, आणि ते जिलेटिन गाय-म्हशीचं, डुकराचं किंवा माशाचं असू शकतं. पाकिटावरची मांसाहाराची खूण कोणत्या प्राण्याचं ते सांगत नाही. कंपनीला लिहून विचारता येतं, माशाच्या जिलेटिनच्या कॅप्सूलही मिळतात. प्रश्न रास्त आहे, कोणी हसू नये. पण मला आश्चर्य याचं वाटतं की जो माणूस कवच हलाल आहे का म्हणून तीन जणांना विचारतो, तो आत ईपीए किती आहे हे एकालाही विचारत नाही. आतल्या मालाचं तोलमाप हीसुद्धा सचोटीचीच बाब आहे.

मग तारली-बांगड्याचं काय? ज्यांचं ट्रायग्लिसराइड पाचशेच्या खाली आहे, त्यांच्यासाठी मी बिनधास्त माशाच्या बाजूने उभा आहे. हृदयासाठी आठवड्यातून एक-दोनदा मासा खावा, असा सल्ला आहे, आणि तो न तळलेल्या माशाचा आहे. बांगड्याचं तिखलं, तारल्यांचं कोकम घातलेलं कालवण, केळीच्या पानात तव्यावर भाजलेला मासा. रवा लावून तेलात पोहणाऱ्या तुकडीत तुम्ही माशाचं तेल कमी आणि कढईचं तेल जास्त खाता. माशाचा आणखी एक फायदा कॅप्सूलला कधीच मिळणार नाही: मासा ताटात आला की तिथलं दुसरं काही तरी हटतं. खिमा हटतो, वडे हटतात. कॅप्सूल काहीच हटवत नाही. ती बिर्याणीच्या वर जाऊन बसते आणि खाणाऱ्याला परवानगी दिल्यासारखं करते.

आणि बाजारातली ती एक कॅप्सूल, हृदयासाठी तरी? दिवसाला एक ग्रॅमची मात्रा दोन मोठ्या चाचण्यांनी तपासली. असेंड या २०१८ च्या चाचणीत पंधरा हजारांवर मधुमेही होते, व्हायटलमध्ये पंचवीस हजारांवर माणसं. ज्या मुख्य प्रश्नासाठी त्या झाल्या, हृदयविकाराचे झटके वगैरे टळतात का, त्याचं उत्तर दोन्हींत नकारार्थी आलं. आणि त्या चाचण्यांतली कॅप्सूल शुद्ध, ८४० मिलिग्रॅम ईपीए-डीएचएची होती. आपल्या बाटलीतली ३०० ची. मोठ्या मात्रेचं चित्र मिश्र आहे. रिड्यूस-इटमध्ये स्टॅटिन घेणाऱ्यांना रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए दिल्यावर हृदयाच्या घटना एक चतुर्थांशाने कमी झाल्या. २०२० च्या स्ट्रेंग्थमध्ये ४ ग्रॅम मिश्र ओमेगा-३ ने फायदा दिसला नाही आणि ती मध्येच थांबवली गेली. पहिल्या चाचणीत तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं, त्यानेच त्या गटाचं नुकसान झालं का, हा वाद तज्ज्ञांत अजून चालू आहे. यातल्या कशाचाही आधार साठ कॅप्सूलच्या बाटलीला मिळत नाही. तरी दुकानदार नाव घेतो ते याच चाचण्यांचं.

घरात अशी बाटली आधीच असेल तर एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. ताज्या माशाचा मंद वास चालेल. खवट, जुन्या रंगासारखा उग्र वास आला तर तेल बिघडलं आहे, कचऱ्यात टाका. आपल्या उकाड्यात खिडकीत ठेवलेल्या बाटलीचं असं होतं. वास चांगला असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा, ईपीए आणि डीएचएची बेरीज करा, आणि ती चिठ्ठी रिपोर्टला टाचणीने लावून डॉक्टरकडे न्या. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइडसमोर चार अंकी आकडा असेल, किंवा एलडीएलचा रकाना मोकळा असेल, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका; त्याच दिवशी दाखवा. आणि अशा माणसाच्या पोटात वरच्या भागात दुखून ते पाठीत जात असेल, तर ॲसिडिटीचं औषध शोधत बसू नका, रात्र असली तरी गाडी काढा.